प्रोबेशनमधली वही

"सर, अंबड एमआयडीसीतल्या एका ऑटो पार्ट कंपनीत 4 ऑगस्टला क्वालिटीला लागलो. सहा महिने प्रोबेशन. सीनियर सगळ्या लाइनसमोर शिव्या देतात, काम तोंडी सांगतात आणि नंतर 'मी असं म्हणालोच नाही' म्हणतात. डिपार्टमेंटच्या ग्रुपमधूनही काढलं. परवा म्हणाले, 'तुझं कन्फर्मेशन कसं होतं ते बघतोच.' मित्र म्हणतात सगळं लिहून ठेव. पण नेमकं काय लिहायचं आणि दाखवायचं कुणाला? तक्रार केली तर काढून टाकतील का?"

आज घरी गेलास की आधी अपॉइंटमेंट लेटर काढ आणि प्रोबेशनचा परिच्छेद पेन्सिल हातात घेऊन वाच. त्यात तीन गोष्टी शोधायच्या. सहा महिन्यांनंतर कंपनीला मुदत वाढवता येते का आणि जास्तीत जास्त किती. प्रोबेशनमध्ये काढायचं झालं तर नोटीस किती दिवसांची, की नोटीसच नाही. आणि तिसरी, जी बहुतेक पोरं वाचतच नाहीत: कन्फर्मेशन 'लेखी पत्र दिल्यावरच' होईल असं लिहिलंय का. तसं वाक्य असेल तर 3 फेब्रुवारी उलटली म्हणून तू आपोआप पर्मनंट होत नाहीस. कंपनी गप्प बसली तर तुझं प्रोबेशनच चालू राहिलं असं धरलं जातं. नियमात कमाल मुदत ठरलेली असेल आणि ती संपल्यावरही माणसाला कामावर ठेवलं असेल, तर मात्र तो कायम झाला असं सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये धरमसिंग यांच्या खटल्यात म्हटलं आहे. म्हणून ते 'जास्तीत जास्त' कुठे लिहिलंय का, हे बघायचं.

आता कडू भाग. प्रोबेशनवरच्या माणसाला 'काम समाधानकारक नाही' एवढ्या एका ओळीवर काढता येतं. त्यासाठी चौकशी लावावी लागत नाही. 'काम समाधानकारक नाही' या शब्दांनी माणसावर डाग लागत नाही, असंही न्यायालयांनी वेळोवेळी म्हटलंय. गोष्ट बदलते ती पत्रात 'खोटा रिपोर्ट केला', 'माल लपवला', 'गैरवर्तन केलं' असं काही आलं की. 1999 च्या दीप्ती प्रकाश बॅनर्जी यांच्या निकालात हाच फरक समजावला आहे: आरोप हे काढण्याचं नुसतं निमित्त होतं, की आरोपाच्या पायावरच काढलं? पाया आरोप असेल तर चौकशी न करता काढणं टिकत नाही. तो खटला एका सरकारी संशोधन संस्थेतला होता, पण खाजगी कंपनीतल्या कामगाराचं प्रकरणही याच मोजपट्टीने तपासलं जातं. आणि शिव्या, टोमणे, पाणउतारा याविरुद्ध म्हणशील तर आपल्याकडे 'ऑफिसातली दादागिरी' या नावाचा वेगळा कायदा नाही. शिव्या जातीवरून असतील किंवा प्रकार लैंगिक असेल तर त्यांचे कायदे आहेत आणि ते कडक आहेत. तुझ्या प्रश्नात ते दिसत नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी की तुझी वही कुणासाठी आहे ते आधी ठरावं. पोरं ती न्यायाधीशासाठी लिहितात. मी सव्वीस वर्षं सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कंपन्यांत एचआरला काढली. प्रोबेशनची किती प्रकरणं टेबलावर आली याची मोजदाद नाही, पण कोर्टापर्यंत गेलेली हाताच्या बोटांवर. तुझी वही खऱ्या अर्थाने वाचली जाणार आहे जानेवारीत, एचआरच्या केबिनमध्ये, तुझ्या एचओडीसमोर, वीसेक मिनिटं. त्या वीस मिनिटांत साहेबांचा स्वभाव हा विषय चालत नाही. चालतो तो कामाचा विषय: काय सांगितलं होतं, कधी सांगितलं, तू काय केलंस, पुढे काय झालं.

मागे एका मुलाने मला त्याची वही आणून दाखवली होती. पहिली नोंद अशी होती: "आज पुन्हा सर माझ्यावर खूप ओरडले. मला फार अपमानास्पद वाटलं. ते मुद्दाम मला त्रास देतात." मनातलं बोलून हलकं व्हायला ठीक आहे. पण यावर एचआर काय करणार? सरांना विचारणार, सर म्हणणार "अहो, लाइन बंद पडली होती, आवाज चढला असेल." संपलं. त्याच दिवसाची नोंद आम्ही समोर बसून परत तोंडी जुळवली. तेव्हा जे बाहेर आलं ते असं: "मंगळवार, सेकंड शिफ्ट, साधारण सव्वापाच. सीएनसी तीन नंबरजवळ. सर म्हणाले, 'फर्स्ट पीस अप्रूव्हलची वाट बघू नको, चालू कर.' मी विचारलं, रिपोर्टवर सही कोण करणार? म्हणाले, 'डोकं नाही का तुला, गाढवा.' ऑपरेटर आणि सेटर दोघे जवळ होते. मी पावणेसहाला फर्स्ट पीस तपासला, बोअर ओव्हरसाइज आला, मशीन थांबवायला सांगितलं. तोपर्यंत अकरा नग झाले होते." शिवी इथेही आहे, जशीच्या तशी आहे. पण आता तिच्या आजूबाजूला काम उभं आहे, आणि अकरा नग हा आकडा कंपनीच्या रजिस्टरमध्येही सापडणार आहे. नोंद खरी की बनावट, हे एचआर असंच ताडून बघतं.

वही शिवलेली घे, सुट्ट्या कागदांची नको. पानांना नंबर टाक, निळं पेन वापर, मध्ये ओळी सोडू नको. त्याच रात्री लिही, उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि उशिरा लिहिलंस तर 'काल लिहिता आलं नाही' असं लिही. चुकलं तर एक रेघ मारून पुढे जा. सुवाच्य अक्षरात फेअर करायचा मोह होतो. करू नकोस, एका बैठकीत एकाच पेनने लिहिलेले तीन महिने लगेच ओळखू येतात. स्वतःच्या चुकाही लिही. "आज मी व्हर्नियरचं झीरो एरर बघितलं नाही, दोन नग परत मोजावे लागले" अशी एखादी ओळ असली की बाकीच्या पानांवर विश्वास बसतो. कुणी चांगलं म्हटलं तर तेही. दर रविवारी त्या आठवड्याच्या पानांचे फोटो काढून स्वतःच्याच खाजगी मेलवर टाक, म्हणजे लिहिल्याची तारीख पक्की राहते. आणि वही घरी. लॉकरमध्ये नाही, डब्याच्या पिशवीत नाही.

साक्षीदारांचं एक सांगतो. कोण जवळ होतं ते लिही, पण त्यांच्या सह्या मागत फिरू नको. सेटरच्या घराचा हप्ता आहे, ऑपरेटर कंत्राटावर आहे. विचारलंस तर म्हणतील, मशीनचा आवाज होता, ऐकलं नाही. आणि तासाभरात साहेबांपर्यंत बातमी.

वहीपेक्षा महत्त्वाची गोष्ट आता येते. वही तुझ्याकडे आहे, कंपनीच्या कागदात ती कुठेच नाही. कंपनीच्या कागदात जायला हवा त्याच दिवशीचा छोटा मेल. तोंडी सूचना नंतर नाकारली जाते ना? मग सूचना मिळाली की काम संपता संपता सीनियरला चार ओळी पाठवायच्या. त्यात तक्रार नाही, टोमणा नाही, 'रेकॉर्डसाठी पाठवतोय' असले शब्द तर मुळीच नाहीत. फक्त काय सांगितलं, काय केलं, काय अडलंय. ऑफिसचे मेल इंग्रजीत चालत असतील तर साध्या लहान वाक्यांत लिही, भाषेच्या परीक्षेत पडू नको.

एक प्रकरण पूर्ण सांगतो, नावगाव वगळून. सिन्नर बाजूची कंपनी, तुझ्यासारखाच पोरगा, पाचवा महिना चालू. दुपारी सीनियर येऊन म्हणाले, आज डिस्पॅच आहे, चारशे नग तपासून सोड. पोराने प्लग गेज हातात घेतला तर स्टिकरवरची कॅलिब्रेशनची तारीख नऊ दिवसांपूर्वी उलटलेली. त्याने सांगितलं. उत्तर आलं, "चालव रे, दुसरा गेज कुठून आणू आता?" त्याने नग तपासले, सोडले आणि सहा वाजून दहा मिनिटांनी मेल टाकला: "सर, आज दुपारी सांगितल्याप्रमाणे लॉटचे 400 नग प्लग गेज क्रमांक 17 ने तपासून डिस्पॅचला दिले. या गेजची कॅलिब्रेशन मुदत 9 दिवसांपूर्वी संपली आहे, हे दुपारी सांगितलं होतं. नवीन किंवा कॅलिब्रेट केलेला गेज कधी मिळेल, कळवावे." सीनियरने नेहमीच्या सवयीने उत्तर दिलं: "ओके."

तीन आठवड्यांनी ग्राहकाकडून 62 नग परत आले. मीटिंगमध्ये सीनियर म्हणाले, मुलगा नवीन आहे, गेज न बघता मोजतो. पोराने मेलची प्रिंट पुढे केली. खोली गप्प झाली हे खरं. पण पुढचा प्रश्न प्लँट हेडने त्यालाच विचारला: "मुदत संपलीय हे तुला माहीत होतं, तर तू सोडलास का?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मेल नग सोडायच्या आधी गेला असता, 'गेजची मुदत संपली आहे, सोडू का, कळवा' एवढाच, तर हा प्रश्न आलाच नसता. क्वालिटीत होल्ड लावायचा अधिकार ज्युनियरलाही असतो, तो त्याने वापरला नाही.

शेवट सिनेमासारखा झाला नाही. सीनियरने कन्फर्मेशन फॉर्मवर 'कम्युनिकेशन कमी' असं लिहिलंच. एचआरने तो मेल फाइलला लावला आणि काढण्याऐवजी तीन महिने प्रोबेशन वाढवलं, शिवाय पोराला इनकमिंग इन्स्पेक्शनला दुसऱ्या साहेबाखाली टाकलं. तीन महिन्यांनी कन्फर्म झाला. पगारवाढ एका फेरीने मागे पडली. सीनियर तिथेच आहेत. मी तेव्हा त्या टेबलाच्या कंपनीच्या बाजूला होतो आणि माझ्या मते त्या मेलने नोकरी वाचवली, कारण तो नसता तर 62 नग हेच काढायला पुरेसं कारण होतं.

ग्रुपमधून काढल्याचंही असंच मांड. 'मला ग्रुपमधून काढलं' हे रुसवा वाटतं. त्याऐवजी वहीत लिही की त्या दिवशीचा कुठला प्लॅन किंवा ऑडिटची कुठली सूचना तुला मिळाली नाही आणि त्याने काय अडलं. आणि मेल टाक: "रोजचा इन्स्पेक्शन प्लॅन ग्रुपवर येतो, मी सध्या ग्रुपमध्ये नाही. प्लॅन मला मेलवर मिळावा ही विनंती." यावर 'नाही' म्हणणं कुणालाही अवघड आहे. म्हटलंच, तर तो कागद तुझ्याच कामाचा.

आता तारखा. 3 फेब्रुवारीला मुदत संपते, पण निर्णय त्या दिवशी होत नाही. बहुतेक कंपन्यांत एचआर तीन-चार आठवडे आधी फॉर्म एचओडीकडे पाठवतं आणि साहेब तो डेस्कवर पाच मिनिटांत भरतात. म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तुझ्याबद्दलचं मत कागदावर उतरतं. तुला त्याच्या आधी, डिसेंबरच्या सुरुवातीला, सीनियरला आणि कॉपीत एचओडीला एक मेल पाठवायचा आहे: चार महिने झाले, आतापर्यंत ही ही कामं केली, कुठे सुधारणा हवी ते लेखी कळवलंत तर उरलेल्या दोन महिन्यांत करता येईल. उत्तर आलं तर नेमकं कशात कमी आहेस ते कळलं, सुधार आणि सुधारल्याचं कळव. उत्तर नाही आलं तरी पंधरा दिवसांनी एकदा नम्र आठवण दे आणि थांब. नंतर फॉर्मवर अचानक 'वारंवार सांगूनही सुधारणा नाही' असं उमटलं, तर एचआरचा पहिला प्रश्न असतो, 'सांगितलं कधी?' असे दोन अनुत्तरित मेल फाइलमध्ये असले की तो प्रश्न सीनियरला अडचणीत टाकतो.

तक्रार केली तर काढतील का? काढू शकतात. तक्रार केली म्हणून कुठलं कवच मिळत नाही. पण वेळ आणि मागणी बरोबर असली तर काढणं त्यांनाही जड जातं. लगेच करू नकोस. आधी तीन-चार आठवडे ते कामाचे मेल जाऊ देत. मग एचआरला एक पानाचं पत्र दे, तीन प्रसंग घे, जास्त नको, आणि शिक्षेची मागणी करू नको. 'त्यांच्यावर कारवाई करा' म्हटलंस की एचआरला बाजू घ्यावी लागते, आणि ती बहुतेक वेळा दहा वर्षं कंपनीत काढलेल्या माणसाची असते. 'सूचना लेखी मिळाव्यात आणि माझ्या कामाचा आढावा एचओडींनी घ्यावा' ही मागणी कुणाची बाजू न घेता मान्य करता येते. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घे. पोच देत नसतील तर तेच पत्र मेलने.

या काळात पोरं ज्याने खरोखर नोकरी घालवतात ती गोष्ट वेगळीच असते. पुरावा म्हणून कंपनीचं ड्रॉइंग, ग्राहकाचा रिपोर्ट, टेस्ट डेटा असं काहीतरी स्वतःच्या खाजगी मेलवर फॉरवर्ड करतात. आयटीला त्याची सूचना जाते, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या छळाचा विषय बंद होऊन तुझ्या डेटाचोरीचा सुरू होतो. तिथे मीही काही करू शकलो नसतो. वहीत लॉट नंबर आणि तारीख लिही, मूळ कागद कंपनीतच राहू दे. वाद झालाच तर तो मागवता येतो. मोबाइल रेकॉर्डिंगचंही तसंच. आपण स्वतः ज्यात आहोत ते बोलणं रेकॉर्ड करणं हा आपोआप गुन्हा होत नाही, पण शॉप फ्लोअरवर मोबाइल बंदी असेल तर तू नियम मोडल्याचा पुरावा तूच तयार केलास. व्हॉट्सअॅपवर सीनियरने काही लिहून पाठवलं असेल तर ते डिलीट करू नको, आणि नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबून मूळ फोन विकू नको.

शेवटचा प्रसंग बहुधा शुक्रवारी संध्याकाळी येतो. केबिनमध्ये बोलावून म्हणतात, "आम्ही काढलं तर रेकॉर्ड खराब होईल, तू राजीनामा लिही." कधीकधी हा सौदा वाईटही नसतो. वयाच्या चोविसाव्या वर्षी सहा महिन्यांच्या नोकरीवरून स्वच्छ रिलीव्हिंग लेटर घेऊन बाहेर पडणं, हे कोर्टाच्या पायऱ्यांपेक्षा स्वस्त पडतं. पण एकदा स्वखुशीने राजीनामा दिलास की 'मला काढलं' हा मुद्दा जवळपास संपतो. म्हणून तिथे बसून लिहू नको. "घरी विचारून सोमवारी सांगतो" एवढं म्हण. दार लावून घेतलं, दबाव टाकला, तर घरी पोचल्याबरोबर एचआरला मेल: आज इतक्या वाजता राजीनामा मागितला, मी दिलेला नाही. पत्र हातात दिलं तर ते घ्यायला नकार देऊ नको. सहीसोबत 'प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही' आणि तारीख-वेळ लिही. त्यात गैरवर्तनाचा आरोप असेल तर त्याच आठवड्यात कामगार वकिलाला दाखव.

वकील पहिल्यांदा विचारेल ते तुझं पद नसेल, तुझं रोजचं काम असेल. कार्डावर 'ऑफिसर' किंवा 'इंजिनियर' लिहिलं म्हणून कामगार कायद्याच्या बाहेर जात नाही. तुझ्या हाताखाली माणसं आहेत का, कुणाची रजा तू मंजूर करतोस का, की स्वतःच्या हाताने नग मोजतोस, यावर ते ठरतं. वहीत रोजचं काम लिहिलेलं असण्याचा हा दुसरा उपयोग. महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यात तक्रारीला 90 दिवसांची मुदत आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, तेव्हा कुठल्या दारात जायचं ते वकील ठरवेल. तू ते 90 दिवस वाया घालवू नको.

आणि एक काम या रविवारीच उरकून टाक. पगाराच्या स्लिपा, अपॉइंटमेंट लेटर आणि हजेरीचा गोषवारा हे तुझे स्वतःचे कागद पोर्टलवरून उतरवून ठेव. वेतन संहितेप्रमाणे काढल्यावर किंवा राजीनाम्यावर हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे, पण तो बरोबर आहे की नाही हे ताडायला स्लिपा लागतात, आणि पोर्टलचा पासवर्ड त्याच संध्याकाळी बंद होतो.